धुरा खात्याला दिसत नाही

आमच्याकडं दोन शेतांच्या मधल्या बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्याच्या अलीकडं आपलं, पलीकडं शेजाऱ्याचं. त्याच्या शेतात तण माजलं तर ते त्याचं नशीब, आपण आपला धुरा साफ ठेवायचा. आमच्या मालकांनी आयुष्यभर सगळा व्यवहार याच हिशेबानं केला. माणसांशी, मजुरांशी, सरकारी खात्याशी सुद्धा. त्यामुळंच आमच्यावर बुडायची वेळ आली, आणि त्याच माणसामुळं वाचलोही.

मालकांना सगळे भाऊ म्हणत. बुलढाण्याजवळच्या धाड या गावी त्यांचं ऑफिस होतं. खाली सिमेंटचं गोदाम आणि वर एक खोली, तिच्यात दोन टेबलं आणि माझा संगणक. गावतळी, रस्ते, शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, अशी कामं ते घ्यायचे. मी संग्रामपूर तालुक्यातला. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटायची वेळ आली, तेव्हा माझ्या वडिलांनी ज्यांच्या साइटवर मिस्त्रीकाम केलं होतं त्या भाऊंनी माझी फी भरली. मोबदल्यात काही मागितलं नाही. पास झाल्यावर मी स्वतःच त्यांच्याकडं गेलो. टेंडर भरायचं काम माझ्याकडं आलं ते तेव्हापासून. हे आधीच सांगतो, कारण पुढं माझ्या मनात जे काही आलं ते या उपकाराशिवाय समजणार नाही.

मोठं टेंडर निघालं ते माझ्याच भागातलं. आमचा पट्टा खाऱ्या पाण्याचा. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की जिभेवर मीठ राहतं, डाळ शिजत नाही. धरणातून पाणी आणून बऱ्याच गावांना द्यायचं, अशी ती योजना होती. टाक्या आणि पाइपलाइन आम्ही डोळे मिटून केली असती. पण पंपघर आणि पाणी शुद्ध करायचा प्लांट केल्याचा अनुभव टेंडरच्या अटीत मागितला होता, आणि तो आमच्याकडं नव्हता. मोठ्या शहरातल्या एका फर्मकडं होता. पण त्यांच्याकडं जिल्ह्यात माणूस नव्हता, की टाकी बांधायला टोळी नव्हती. दोघांनी मिळून जॉइंट व्हेंचर करायचं ठरलं.

जॉइंट व्हेंचर म्हणजे नवीन कंपनी नव्हे. दोन फर्म आपापल्या जागी तशाच राहतात, फक्त त्या एका कामापुरता करार करतात. स्टँप पेपरवर, नोटरीपुढं. दोघांपैकी एक लीड असतो, म्हणजे खात्याशी बोलायचा अधिकार त्याचा. लीड अर्थातच ते झाले.

करार करायला आम्ही त्यांच्या ऑफिसात गेलो. काचेच्या दारात बराच वेळ सोफ्यावर बसवून ठेवलं. मग त्यांच्या साहेबांनी आत बोलावलं. पन्नाशीचा, गोरापान, हातात पेन फिरवत बसणारा माणूस. त्यांनी कागदावर एक रेघ ओढली आणि म्हणाले, "हे बघा, टाक्या आणि पाइप तुमचे. पंप आणि प्लांट आमचे. तुम्ही आमच्यात नाही, आम्ही तुमच्यात नाही."

"म्हणजे धुरा घातला म्हणा की," भाऊ खुश होऊन म्हणाले.

"धुरा?" साहेब माझ्याकडं बघून हसले. "हे काय असतं?"

मी सांगितलं. ते आणखी हसले. "छान आहे हो तुमची भाषा. ऐकत राहावंसं वाटतं. फक्त खात्यासमोर तुम्ही बोलू नका, ते आमच्यावर सोडा."

करारातलं एक कलम मी भाऊंना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. कामाबद्दल खात्याला दोन्ही भागीदार संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार राहतील. पुढच्या कलमात आपसातली जबाबदारी होती: ज्याचा हिस्सा त्याची जबाबदारी, एकाच्या चुकीनं दुसऱ्याला झळ बसली तर चुकणाऱ्यानं ती भरून द्यायची. आणि एकानं काम सोडलं तर दुसऱ्यानं नोटीस द्यायची, मुदत संपली की त्याचं काम त्याच्या खर्चानं आपल्या हातात घ्यायचं. भाऊंनी दोन्ही कलमं ऐकली. त्यांच्या लक्षात दुसरं राहिलं. त्यात धुरा होता ना!

टेंडर मिळालं. आम्ही आमच्या टाक्या बांधल्या. भाऊ स्वतः सेंट्रिंगवर चढून बघायचे. माझ्या गावातली टाकी उभी राहिली तेव्हा माझी आई रोज तिच्याकडं बघून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माह्या पोराची टाकी हाय थे." टाकी उभी, पाइप पुरलेला, घरोघर नळाची तोटी आलेली. फक्त पाणी नव्हतं. पंपघराच्या जागी चार खांब होते आणि त्यावर कावळे बसत होते.

साहेबांना फोन केला की त्यांच्या ऑफिसातली मुलगी सांगायची, साहेब मीटिंगमध्ये आहेत. पंप कधी येणार? पुढच्या महिन्यात. असं किती वेळा ऐकलं. पंपाच्या कंपनीला त्यांनी ॲडव्हान्सच दिला नव्हता, हे आम्हाला पंपाच्या कंपनीनं सांगितलं. दुसरीकडं मोठं काम लागलं होतं, माणसं आणि पैसा तिकडं वळवला होता.

आणि मग एक दिवस पंपघरापाशी चहा पिताना खात्याचा कनिष्ठ अभियंता मला म्हणाला, "तुमच्यावर काळ्या यादीची नोटीस निघाली, माहीत आहे ना?"

मला वाटलं तो चेष्टा करतो. चेष्टा नव्हती. आधी कामाच्या उशिराच्या नोटिसा गेल्या होत्या. एक नाही, बऱ्याच. सगळ्या लीडच्या पत्त्यावर. त्यांनी एकीलाही उत्तर दिलं नव्हतं, आणि आम्हाला कळवलंही नव्हतं. आता ठेका रद्द करून काम दुसऱ्याकडून आमच्या जोखमीवर आणि खर्चावर का करून घेऊ नये, आणि दोन्ही फर्मना काळ्या यादीत का टाकू नये, याचा खुलासा मागितला होता.

काळी यादी म्हणजे काय ते ठेकेदारालाच कळतं. भाऊंचं नाव एकदा तिथं लागलं असतं तर गावातल्या शाळेच्या संडासाचंही टेंडर त्यांना भरता आलं नसतं. ऑफिस, टोळ्या, मिस्त्री, मी, सगळंच संपलं असतं.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. कधी नव्हे ते लागला.

"नोटिसा आल्या, तुम्ही आम्हाला सांगितलं नाही," मी म्हणालो.

"लीडला मिळाली म्हणजे सगळ्यांना मिळाली. करार वाचला नाही का तुम्ही? ग्रॅज्युएट आहात ना?" आणि फोन ठेवला.

त्यातलं पहिलं वाक्य मी जपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि मी बुलढाण्याला कार्यकारी अभियंत्यांसमोर उभे होतो. सज्जन माणूस, पण टेबलावर फायलींचा ढीग आणि वर जिल्ह्यातून तक्रारी. भाऊंनी आपली बाजू मांडली. आमच्या टाक्या झाल्या, पाइप झाले, टेस्टिंग झालं. पंप आमच्या वाट्याला नव्हताच. "साहेब, आमचा धुरा आमी साफ ठेवला. तिकडचं त्यायले विचारा."

अभियंत्यांनी चष्मा काढला. "भाऊ, तुम्ही टाकी चांगली बांधली हे मी डोळ्यानं बघितलं. पण मी टाकी मागितली नव्हती. मी पाणी मागितलं होतं. तुमच्या दोघांतली वाटणी तुमची आहे. माझ्या कागदावर तुम्ही एकच माणूस आहात. एक पळाला तर मी दुसऱ्याला धरणार. तो सापडला तर त्याला, तुम्ही सापडलात तर तुम्हाला, पाहिजे तर दोघांना. म्हणून तर मी दोघांच्या सह्या घेतल्या."

भाऊ म्हणाले, "म्हंजे धुरा तुमाले दिसतच नाई."

"आमच्या नकाशात तो नाही."

बाहेर आलो. बसस्टँडसमोर रसाच्या गाडीवर बसलो. माझ्या मनात जे होतं ते मी बोललो. मी म्हणालो, "भाऊ, होऊ द्या काळ्या यादीत. त्याची कामं चार राज्यांत आहेत. आपलं जाईल ते एका जिल्ह्यातलं, त्याचं सगळंच जाईल. रस्त्यावर येईल तो."

मी ते रागात बोललो नव्हतो. रात्रभर विचार केला होता. अजूनही सांगतो, त्या वेळी मला आमच्या वाचण्यापेक्षा त्याचं बुडणं जास्त हवं होतं. काचेच्या दारापाशी भाऊंना बसवून ठेवलेलं मला दिसत होतं. माझी फी ज्यांनी भरली त्या माणसाची बोली ऐकून तो हसला होता.

भाऊंनी रसाचा ग्लास संपवला. "तुले वाटते तितकं मलेबी वाटते. पन तो बुडला पाह्यजे तो त्याच्या पायानं. आपल्या मानेवर पाय देऊन नाई."

"मग काय करायचं?"

"पंप बसवू आपन."

"आपल्याला येते काय?"

"पंप हाय, उडतं इमान नाई. शिकू."

"पण भाऊ, काम झालं तर नोटीस त्याच्यावरचीही मागं जाईल. आपण त्यालाच वाचवतो."

भाऊंनी माझ्याकडं बघितलं. "हाव. एका दोरीनं बांधलं हाय म्हून त्याले वर वढावंच लागते. वर आल्यावर पाहू."

हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. एकमेकांपासून सुटायची सोय नव्हती. खात्याच्या परवानगीशिवाय भागीदार बदलता येत नव्हता, बाहेर पडता येत नव्हतं. त्याचं काम करायचं तेही त्याचं नाव पुढं असलेल्या जॉइंट व्हेंचरच्या नावानं. बिलं जमा होणार ती दोघांच्या सह्यांच्या बँक खात्यात, आणि सही तो देणार नव्हता.

पण आपसातला करार आमच्या बाजूचा होता, आणि आता तो वाचायची पाळी माझी होती. त्याच संध्याकाळी मी नोटीस लिहिली. तुम्ही तुमच्या हिश्शाचं काम सोडलं आहे, करारातल्या मुदतीत सुरू करा, नाहीतर ते आम्ही तुमच्या जबाबदारीवर आणि खर्चावर हातात घेऊ. करारात लिहिलेल्या लीडच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवली. फोन केला नाही, मेसेज केला नाही. भाऊ म्हणाले, "एक फोन करून पाहायचा का?" मी म्हणालो, "नको. करारात फोन लिहिला नाही." त्यांच्या ऑफिसात बुलढाण्याच्या शिक्क्याचं पाकीट कुणी उघडत नाही, हे मला खात्याच्या नोटिसांवरून कळलं होतं. पोहोच आली. उत्तर आलं नाही. मुदत संपल्यावर काम आम्ही हातात घेतल्याचं दुसरं पत्र गेलं. त्यालाही उत्तर नाही. तो जसजसा गप्प राहिला तसतसा मला आनंद होत गेला.

खात्याला आम्ही खुलासा दिला. त्यात भागीदाराबद्दल एक शब्द नव्हता. फक्त काम कधीपर्यंत होईल ते लिहिलं. अभियंत्यांनी मुदत दिली.

भाऊंनी जेसीबी विकला. अकोल्याहून एक वयस्कर पंप फिटर आणला. खात्यानं मान्य केलेल्या दुसऱ्या कंपनीचे पंप मागवले. त्यांच्या कारखान्यात तपासणी झाली तेव्हा मी कोपऱ्यात उभा राहून सगळं लिहून घेत होतो. प्लांटसाठीही वेगळी माणसं लावली. उन्हाळाभर भाऊ पंपघराच्या सावलीत बाजेवर बसून होते. येणारे-जाणारे टोमणे मारायचे, "काय भाऊ, धुरा वलांडून आले का?" भाऊ म्हणायचे, "हाव, त्याचं तण लईच माजलं होतं."

चाचणीच्या दिवशी माझ्या गावच्या नळाला आधी हवा आली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. आईनं ओंजळ भरून तोंडात घेतलं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "याले तं काई चवच नाई!" खाऱ्या पाण्यात सगळं आयुष्य गेलेल्या बाईला गोडं पाणी बेचव लागलं. आम्ही सगळे हसलो.

काळ्या यादीची नोटीस मागं घेतली गेली. दोघांवरची. त्या दिवशी ऑफिसात पेढे आले, मी एकही खाल्ला नाही.

मग आपसातला हिशेब. करारात लवादाची अट होती, आणि सुनावणीची जागा बुलढाणा लिहिली होती. सही करताना साहेबांनी ते कलम वाचलंही नसणार. दोघांच्या संमतीनं एक निवृत्त अधीक्षक अभियंता लवाद झाले. विश्रामगृहासारख्या एका खोलीत लांब टेबल, एका बाजूला आम्ही दोघं आणि खामगावचे एक वकील, दुसऱ्या बाजूला साहेब आणि त्यांचे वकील. साहेब दोनदा घड्याळाकडं बघत होते.

त्यांचं म्हणणं एकच. "आम्हाला न विचारता यांनी आमच्या कामात हात घातला. आमच्या भावापेक्षा महाग पंप घेतले. कुठलीही नोटीस आमच्या माहितीत नाही."

लवाद म्हणाले, "पोहोच आहे."

"ऑफिसात रोज शंभर पाकिटं येतात. कुणीतरी सही केली असेल. मला व्यक्तिशः मिळालं नाही."

भाऊंनी हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा. "बोलू काय?"

"बोला."

"साहेब, लीडले भेटली म्हंजे सगळ्यायले भेटली. हे तुमीच या पोराले फोनवर सांगतलं होतं. आमी तेच धरून चाललो."

लवाद हसले नाहीत, पण पेन खाली ठेवलं. साहेबांच्या वकिलानं त्यांच्याकडं बघितलं. साहेबांचं तोंड लाल झालं. इतके दिवस झाले, पण ते तोंड आठवलं की मला अजून बरं वाटतं.

जेवणाच्या सुट्टीत साहेब बाहेर व्हरांड्यात आले. आवाज बदलला होता. "भाऊ, आपण भांडायचं कशाला? खर्च सगळा देतो. आज ठरवू. फक्त एक करा. पंपघराचं आणि प्लांटचं काम आमच्या फर्मनं केलं, एवढं एक पत्र सही करून द्या. आम्हाला एका टेंडरला अनुभवाचा दाखला लागतो, आणि आमची जुनी कामं त्यात मुदतीबाहेर गेली."

मला सगळं एकदम दिसलं. अनुभवाच्या ज्या अटीमुळं आम्हाला त्यांच्या सोफ्यावर बसावं लागलं होतं, तिच्यासाठी आता ते आमच्या जिल्ह्यातल्या व्हरांड्यात उभे होते. भाऊंना पैशाची फार गरज होती. जेसीबी गेला होता, बँक विचारत होती. पत्रावर सही केली असती तर संध्याकाळी सगळं मोकळं झालं असतं.

भाऊ माझ्याकडं वळले. "तू सांग. तुह्यं शिक्षण झालं."

माझी फी भरणारा माणूस मला विचारत होता. पैसा घ्या म्हणालो असतो तर त्यांनी घेतला असता. मी म्हणालो, "पंप आपण बसवला. खोटं कशाला लिहायचं?" हे खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. पूर्ण खरं असं की त्याला नाही म्हणायची ती एकच संधी होती आणि मला ती सोडायची नव्हती.

भाऊ साहेबांना म्हणाले, "पोरगं नाई म्हनते."

"तुम्ही मालक की तो?"

"करार वाचाले थोच हाय आमच्याकडं."

निवाडा आमच्या बाजूनं लागला. आपसात चूक त्यांची, खर्च त्यांच्यावर. पण त्यांनी जिल्हा न्यायालयात आव्हान दिलं आणि ते अजून चालू आहे. पैसा अजून आलेला नाही. नवीन जेसीबी भाऊंनी कर्जावर घेतला. मी हे लपवत नाही.

दरम्यान कार्यकारी अभियंत्यांनी आमच्या अर्जावर काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला. त्यात कुठला भाग प्रत्यक्ष कोणी केला ते त्यांनी स्वतः बघितलं होतं तसं लिहिलं. साहेबांनी आपल्या टेंडरमध्ये पंपघर आणि प्लांट स्वतःच्या नावावर दाखवलं होतं. त्या टेंडरमध्ये आम्हीही होतो, या वेळी एकटे. तांत्रिक लिफाफे उघडल्यावर मी हरकत घेतली, दाखला जोडला. त्यांची फर्म तिथंच बाद झाली, दराचा दुसरा लिफाफा उघडलाच नाही. काम आम्हालाही मिळालं नाही, तिसऱ्यालाच गेलं. पण त्या दिवशी मी पेढे आणले आणि स्वतः दोन खाल्ले.

पंपघरावर संगमरवरी पाटी आहे. वर त्यांचं नाव, खाली आमचं. ती काढता येत नाही, कारण कामाच्या दोष दुरुस्तीची मुदत अजून चालू आहे आणि त्या मुदतीत खात्यासाठी आम्ही अजून एकच माणूस आहोत. पंपाचं सील गळालं की खात्याचं पत्र त्यांच्या पत्त्यावर जातं. एक प्रत आता आम्हालाही येते, ती मी मागून घेतली. दुरुस्ती आम्हीच करतो, गावाला पाणी तर पाहिजेच. मग झालेल्या खर्चाची मागणी मी करारातल्या कलमासह त्यांना रजिस्टर पोस्टानं पाठवतो. पोस्टमास्तर आता मला ओळखतात.

परवा त्यांच्या ऑफिसातून पहिल्यांदाच उत्तर आलं. आपले पत्र मिळाले, एवढंच. ते आता पाकिटं उघडतात.